रस्त्याच्या फोटोत नियोजित इमारत खऱ्या उंचीची बसवताना

इमारतीचा दर्शनी कोपरा जिथे येणार, नेमका तिथेच सर्व्हेचा 4 मीटरचा स्टाफ उभा धरायला लावून फोटो काढा. कॅमेरा ट्रायपॉडवर 1.6 मीटर उंचीला, अगदी लेव्हलमध्ये ठेवा. माथा मावत नसेल तर कॅमेरा आडव्याचा उभा करा. वर झुकवलात की उभ्या रेषा आत कलतात आणि माप फसतं.

फोटोत स्टाफ 320 पिक्सेल भरला, तर मीटरला 80 पिक्सेल. म्हणजे 15 मीटरची इमारत त्या कोपऱ्यावर 1200 पिक्सेलच हवी. हे माप तेवढ्याच अंतरापुरतं खरं. अलीकडच्या विजेच्या खांबावरून हिशेब केला तर इमारत फुगते, आणि समोरच्या रहिवाशांच्या ते लगेच लक्षात येतं. जमीन सपाट असेल तर मॉडेलची क्षितिजरेषा स्टाफला 1.6 मीटरवर छेदते का, तेही पाहा.