फवारणी पंपाच्या रिव्ह्यूंमधून फायदे-तोटे काढताना या चुका टाळा

जून उजाडला की आमच्या यवतमाळकडच्या गावांत एकच विचारणा सुरू होते: बॅटरीचा फवारणी पंप कोणता घ्यावा? पऱ्हाटी वर आली की फवारण्या लागतात, पंप ऐनवेळी बसला तर मजूर वावरात उभा राहतो. आजकाल गटातलं एखादं शिकलेलं पोरगं ऑनलाइन रिव्ह्यू वाचून चार फायदे, चार तोटे लिहून ग्रुपवर टाकतं आणि त्यावर दहा-बारा घरं पैसे घालतात. म्हणून ती यादी नीट बनली पाहिजे. बहुतेक याद्या वाचून काढल्या तरी चुकतात, आणि चूक वाचण्यात नसून मोजण्यात असते.

हिशेब दिसावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. १६ लिटरच्या एका पंपाचे ६० रिव्ह्यू आहेत आणि सरासरी ४ स्टार. पहिली चूक इथेच होते: या ६० मधला प्रत्येक रिव्ह्यू पंपाबद्दल बोलतोय असं धरलं जातं. वाचत गेलं की कळतं, १४ जण डिलिव्हरीबद्दल बोलतात. खोकं फाटलं होतं, माल उशिरा आला, पार्सलवाल्याने तालुक्यालाच बोलावलं. हे खरं असलं तरी तो पंपाचा दोष नाही. आणखी १६ जणांनी ‘मस्त हाय’, ‘छान प्रॉडक्ट’, ‘ओके’ एवढंच लिहिलंय. त्यांनी स्टार दिले, माहिती दिली नाही. दोन्ही गट बाजूला ठेवा. उरले ३०. यादी या ३० जणांची आहे, आणि तिच्यावर ‘६० लोकांचं मत’ असं लिहू नका.

आता मुख्य अडचण. या तिसांत बॅटरी चांगली म्हणणारे ७ आणि वाईट म्हणणारे ९ निघतात. अशा वेळी यादीत ‘बॅटरीबद्दल मतं संमिश्र’ असं लिहिलं जातं. हे वाक्य शेतकऱ्याच्या काहीच कामाचं नाही. संमिश्र दिसलं की थांबा आणि विचारा, कोणी हे कधी लिहिलंय? तीस जणांचे दोन गट करा. पंप हातात आल्यापासून आठवड्याच्या आत लिहिलेले १२, आणि निदान महिनाभर किंवा हंगामभर वापरून लिहिलेले १८. रिव्ह्यूची तारीख बऱ्याचदा पुरत नाही, मजकुरातल्या खुणा पाहाव्या लागतात: ‘आजच आला’, ‘दोन टाक्या मारून पाहिल्या’, ‘गेल्या सालचा पंप’, ‘या वर्षी चार्जच घेत नाही’.

असं वेगळं केलं की भांडण मिटतं. कौतुक करणाऱ्या ७ पैकी ६ आठवड्यातले आहेत. तक्रार करणाऱ्या ९ पैकी ८ हंगाम पाहिलेले आहेत. दोघंही खरं बोलतात. या पंपांत बहुधा बंद शिसे-आम्ल बॅटरी असते. ती नवी असताना जोमात चालते. हंगाम संपल्यावर उतरलेलीच कोपऱ्यात ठेवली आणि उन्हाळाभर चार्ज केली नाही, तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर कडक होतो आणि पुढल्या पावसात ती चार्ज धरत नाही. म्हणजे यादीत ‘संमिश्र’ ऐवजी लिहायचं: ‘नवी असताना बरीच चालते, दुसऱ्या हंगामात बसल्याच्या तक्रारी आहेत, मध्ये चार्जिंग करत राहावं लागतं.’ दुसऱ्या हंगामात बॅटरी बसते यात थोडा दोष वापरणाऱ्याचाही असतो, तेवढं शेजारी नोंदवा.

आणखी एक चाळणी लावा. एकाच पानावर ८ एएच आणि १२ एएच क्षमतेच्या बॅटरीच्या पंपांचे रिव्ह्यू एकत्र असू शकतात. कोणता प्रकार घेतला हे बऱ्याच ठिकाणी रिव्ह्यूजवळ बारीक अक्षरांत असतं. आपल्या उदाहरणात हंगाम पाहिलेल्या आठ तक्रारींपैकी ६ जण ८ एएचवाले, एक १२ एएचवाला, आणि एकाचा प्रकार कळत नाही. पण लगेच ‘१२ एएच घ्या’ म्हणू नका. त्या १८ जणांत ८ एएचवाले १० आणि १२ एएचवाले ५ होते. म्हणजे दहात सहा विरुद्ध पाचात एक. फरक दिसतो, पण पाच माणसं फार थोडी. यादीत आकडे ठेवले की वाचणारा स्वतः तोलतो.

दुसरी मोठी चूक शब्दांची. एकच तक्रार पाच जण पाच परीने सांगतात: ‘चार्जिंग उतरून जाते’, ‘दुपारी बंद पडला’, ‘बॅटरी बसली’, ‘तीन टाक्यांनंतर धार बारीक’. यांना वेगवेगळे तोटे धरलं तर प्रत्येक तोटा किरकोळ दिसतो. उलट, ‘प्रेशर कमी’ एवढाच शब्द पाहून सगळं एका पोत्यात भरलं तरी चुकतं. सकाळी बरोबर आणि दुपारनंतर कमी, म्हणजे बहुधा बॅटरी. नोझल साफ केल्यावर पुन्हा बरोबर, म्हणजे गाळणी किंवा नोझल चोकअप होतंय. पावडरचं औषध नीट न ढवळता टाकलं की हे होतंच. वेळ आणि उपाय दोन्ही वाचूनच वर्गवारी करा. काहीच खुलासा नसेल तर ‘प्रेशर कमी, कारण कळत नाही’ असा वेगळा खाना ठेवा, अंदाजाने भरू नका.

तसंच ‘हलका’ या शब्दाचं. खोकं उघडून लिहिणारा रिकाम्या पंपाबद्दल बोलतो. १६ लिटर पाणी भरलं की पाण्याचंच वजन १६ किलो. म्हणून ‘वजनाला हलका’ हा फायदा भरून वापरणाऱ्यांच्या तोंडून आला असेल तरच यादीत घ्या.

आणि सगळ्यांत गंभीर चूक: तोटे फक्त संख्येने लावणं. आपल्या उदाहरणात गळतीची तक्रार १८ पैकी फक्त तिघांची आहे, झाकणातून किंवा नळीच्या सांध्यातून औषध पाठीवर उतरतं म्हणून. संख्येने ती खाली जाईल. पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते इथे कोणी विसरलेलं नाही. ओल्या सदऱ्यातून औषध कातडीत शिरतं. गळती तीनच असली तरी यादीत सर्वांत वर जाते. ‘फक्त तिघे’ म्हणून दडवू नका आणि आकडा फुगवूही नका.

आपल्या उदाहरणाची यादी मग अशी उतरते:

फायदे: हातपंपासारखा दांडा मारावा लागत नाही (३० पैकी ११ जण). बॅटरी नवी असताना चांगली चालते (आठवड्यातल्या १२ पैकी ६).

तोटे: झाकण किंवा सांध्यातून पाठीवर गळती (जास्त वापरलेल्या १८ पैकी ३). हंगामानंतर बॅटरी तग धरत नाही (त्याच १८ पैकी ८, त्यातले ६ जण ८ एएचवाले).

ग्रुपवर टाकण्याआधी एक तपासणी करा. यादीतलं प्रत्येक वाक्य घेऊन मूळ रिव्ह्यूंत परत जा आणि ते म्हणणारी माणसं बोटावर मोजा. आकडा जुळला नाही तर वाक्य बदला. दुसऱ्या कोणालातरी तेच ३० रिव्ह्यू वेगळे लावायला द्या. त्याचे आणि तुमचे खाने फार वेगळे आले, तर ‘हंगामभर वापर’ म्हणजे नेमकं काय हे तुम्ही दोघांनी आधी ठरवलं नव्हतं. खाली यादीची तारीखही टाका. त्याच नावाखाली पुढच्या वर्षी वेगळ्या कंपनीची बॅटरी बसवलेला पंप येऊ शकतो, आणि तेव्हा ताजे रिव्ह्यू आधी लावून हीच मोजणी नव्याने करावी लागते.