शून्य शुल्क, तरी खात्यात पैसे कमी का?

भाऊ परदेशातून घरी पैसे पाठवतो, तेही ‘शून्य शुल्क’ घेणाऱ्या सेवेतून. तरी रक्कम कमीच यायची. शेवटी दोघांनी फोनवर हिशेब मांडला.

समजा, बाजारात डॉलरच्या खरेदी आणि विक्रीच्या दरांमधला मधला दर ८० रुपये आहे. शून्य शुल्कवाली सेवा ७८.४० देते, म्हणजे १,००० डॉलरचे ७८,४०० मिळतात. १,६०० रुपये दरातच गेले! दुसरी सेवा ८ डॉलर शुल्क घेते, पण दर ७९.६० देते. उरलेल्या ९९२ डॉलरचे ७८,९६३ होतात. शुल्क घेणारीच स्वस्त पडली. आता आम्ही पैसे पाठवण्याआधी दोन्हीकडे एकाच वेळी तीच रक्कम नुसती टाकून बघतो आणि खात्यात किती जमा होणार एवढंच पाहतो.

एकदा त्याने बँकेतून थेट डॉलर पाठवले, तेव्हा वाटेतच काही डॉलर गळाले. त्याने आपल्या बँकेकडून स्विफ्ट संदेशाची, म्हणजे पैसे पाठवताना बँका एकमेकींना धाडतात त्या संदेशाची, प्रत मागवली. त्यात शुल्काच्या रकान्यात SHA होतं, म्हणजे मधल्या बँकेचं शुल्क पाठवलेल्या रकमेतूनच कापलं जातं. OUR निवडलं की ते पाठवणारा वेगळं भरतो. मात्र ते ठरावीक शुल्क छोट्या रकमेला जड जातं, मोठ्या रकमेलाच परवडतं.

आणि OUR असलं तरी डॉलरचे रुपये आपलीच बँक तिच्या दराने करते. तो दर मी शाखेत आधीच विचारून घेतो, कारण मोठ्या रकमेवर कधीकधी थोडा चांगला दर मिळतो.