नाशिकहून बेळगावात सामान किती तासांत पोचतं?

नाशिक ते बेळगाव अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. मोबाइलवरचा नकाशा मोटारीचा वेळ दाखवतो, आणि नव्याने येणारी कुटुंबं तोच धरून घरमालकाला कळवतात, हमाल ठरवतात. तिथेच हिशेब चुकतो. मालवाहू गाडीला वेगमर्यादक बसवलेला असतो, त्यामुळे ती ताशी ८० च्या वर जात नाही. घाट, टोलनाके आणि गावांजवळची गर्दी धरली, तर भरलेल्या गाडीचा सरासरी वेग ४० च धरावा. म्हणजे नुसतं चालवणं १४ तासांचं. जेवण, झोप आणि भरणं-उतरवणं वेगळं.

दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघराचं सामान १७ फुटी गाडीत साधारण बसतं. खोकी आदल्या दिवशी भरून ठेवली असतील, तरी कपाटं-पलंग खोलण्यात आणि गाडी भरण्यात सहा-सात तास जातात. सकाळी ८ ला सुरुवात केली, तर गाडी दुपारी ४ ला निघेल असं धरा. नारायणगाव येईतो साडेसात होतात. पुढे चाकणला संध्याकाळी कारखान्यांच्या वाहनांमुळे गाड्या तुंबतात. म्हणून चालकाला जेवण नारायणगावलाच उरकून साडेनऊपर्यंत थांबायला सांगा. तेवढा वेळ तसाही चाकणच्या रांगेत गेला असता. पुण्याचा बाह्यवळण रस्ता संपून खेड शिवापूर येतं, तेव्हा साडेबारा वाजलेले असतात. एकच चालक असेल, तर त्याला इथे झोपू द्या. कायद्याने त्याचं काम दिवसाला आठ तासांचं आहे, आणि समोर खंबाटकी घाट आहे. सकाळी साडेसहाला निघून सातारा, कराड, कोल्हापूर, कागल, निपाणी, संकेश्वर करत, वाटेत दीड तासाची विश्रांती धरून, बेळगावच्या वेशीवर दुपारचे ४ वाजतात. म्हणजे १४ तासांच्या चालवण्याला घड्याळाचे २४ तास. घरमालकाला हाच आकडा सांगा.

दोन चालक असले तर रात्रीचा मुक्काम वाचतो आणि गाडी सकाळी साडेनऊ-दहाला पोचते. पण अवजड वाहनांना शहरात दिवसा ठरावीक वेळी प्रवेशबंदी असते. त्या वेळेत गाडी आली, तर दुसऱ्या चालकाचे पैसे बाहेर उभं राहण्यात जातात. तुमच्या भागाच्या वेळा ट्रॅफिक पोलिसांकडून आधीच विचारून घ्या, मगच किती चालक लागतील ते ठरवा.

शेवटच्या दोन किलोमीटरचा विचार कुणी करत नाही. शहापूर, वडगाव किंवा अनगोळच्या जुन्या गल्ल्यांत १७ फुटी गाडी वळत नाही. सामान मोठ्या रस्त्यावर उतरवून छोट्या टेम्पोतून दोन-तीन खेपांत न्यावं लागतं, त्याला आणखी दोन-तीन तास आणि वेगळी मजुरी. गल्लीची रुंदी आणि लोंबत्या तारांचा फोटो घरमालकाकडून आधीच मागवा. अंधार पडल्यावर हमाल जास्त पैसे मागतात आणि कपाटं भिंतींना आपटतात. म्हणून गाडी ४ ला पोचणार असेल आणि घर गल्लीत असेल, तर उतरवणं दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला ठेवा. अंथरूण, मुलांचे कपडे, औषधं, मूळ कागदपत्रं आणि दोन दिवसांचा शिधा तुमच्याबरोबर असू द्या. फ्रिज उभाच आणा आणि उतरवल्यावर काही तास थांबून चालू करा.

पार्ट लोडला हा हिशेब लागू पडत नाही. तिथे गाडी भरेपर्यंत तुमचं सामान गोदामात पडून राहतं, वाटेत दुसऱ्यांचं उतरतं, कधी दुसऱ्या गाडीत चढतं. स्वस्त पडतं, पण तारीख कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. चार-पाच दिवस तरी धरा, आणि बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या पावतीवर, पोचण्याची शेवटची तारीख लिहून घ्या. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. तरी सामानाची सही केलेली यादी आणि नव्या घराच्या भाडेकराराची प्रत चालकाकडे द्या, म्हणजे कोगनोळी नाक्यावर विचारलं तर बोलाचाली होत नाही.

आता महिना बघा. नोव्हेंबर ते मार्च ऊसतोडीचा हंगाम. कराडपासून संकेश्वरपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बहुतेकांना मागचा दिवा नाही. हा पट्टा उजेडातच काढायचा, आणि दोन तास वाढवायचे. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि वेदगंगा चढल्या की शिरोली आणि निपाणीजवळच्या यमगर्णीला महामार्गावर पाणी येतं. २०१९ आणि २०२१ साली वाहतूक कित्येक दिवस बंद होती. या दोन महिन्यांत निघण्याच्या सकाळी कोल्हापुरातल्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. इशाऱ्याच्या जवळ असेल, तर गाडी भरूच नका. १ नोव्हेंबरला आणि डिसेंबरमधल्या कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगाव अधिवेशनाच्या सुरुवातीला सीमेवर बंदोबस्त असतो, कधी गाड्या अडकतात. ते दिवस सोडून तारीख धरा.