प्लगसोबत सॉकेटही बाहेर येतं? आधी मागचा बॉक्स बघा

इस्त्रीचा प्लग ओढला की अख्खी प्लेट भिंतीतून पुढे येते. आपण नवं सॉकेट आणून बसवतो आणि महिन्याभरात ते पुन्हा डुगडुगायला लागतं. मी हे दोनदा केलंय. दोष सॉकेटचा नव्हताच, मागचा पत्र्याचा बॉक्स भिंतीतून सुटला होता.

उघडण्याआधी प्लेटची एक कड दाबून बघा. भिंत आणि प्लेट यांच्यातून रेती गळली, तर बॉक्स सैल आहे. रेती न गळता नुसती प्लेट हलत असेल, तर स्क्रू आवळून भागेल.

आता मेन स्विच बंद करा. एकाच बोर्डात दोन सर्किटच्या वायरी असू शकतात, म्हणून एक एमसीबी पाडून थांबू नका. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो पेटतो याची खात्री करा, मेन बंद केल्यावर बोर्डातला प्रत्येक टर्मिनल तपासा.

वरची प्लेट खाचेत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून सोडवा, आतल्या फ्रेमचे स्क्रू काढा, फ्रेम हळू पुढे ओढा आणि वायरींचा फोटो घ्या. मग वायरी सोडवा. तडकलेला स्विच मागचे क्लिप दाबले की निघतो. नवा त्याच कंपनीचा, त्याच मालिकेचा घ्या. दुसऱ्याचा बहुधा फ्रेममध्ये बसत नाही. १६ अँपियरच्या सॉकेटला स्विचही १६ अँपियरचाच हवा.

खरं काम बॉक्सचं. तो बाहेर काढा, भोवतीचा सुटा गिलावा खरवडून ब्रशने झाडा आणि खड्डा ओला करा. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी शोषते आणि मसाला पकडच धरत नाही. वायरी बॉक्समधून ओढून घ्या, टोकांना टेप लावा आणि आत कागद कोंबा, म्हणजे स्क्रूच्या आट्यांत मसाला जाणार नाही. एक भाग सिमेंट, तीन भाग बारीक रेती असा घट्ट मसाला मागे आणि चारही बाजूंना दाबून भरा. बॉक्सची कड गिलाव्याच्या पातळीत हवी. ती पुढे आली तर प्लेट भिंतीला टेकणार नाही, फार आत गेली तर स्क्रू पोचणार नाहीत. नुसतं पीओपी भरू नका, प्लगच्या ओढीने ते फुटतं. भिंत भक्कम असेल तर बॉक्सच्या तळातून गिट्टी आणि स्क्रूही मारा. मग चोवीस तास हात लावायचा नाही.

जोडताना काळवंडलेलं टोक कापून स्वच्छ तांबं दिसेपर्यंत सोला. सगळ्या तारा टर्मिनलात जाऊ द्या, आवळल्यावर वायर ओढून बघा. फेज, न्यूट्रल, अर्थ सॉकेटवरच्या खुणांप्रमाणेच लावा. पत्र्याच्या बॉक्सलाही अर्थ जोडलेला हवा. वायर आखूड पडली किंवा तिचं आवरण हातात तुटून आलं, तर इथेच थांबून इलेक्ट्रिशियनला बोलवा.