एक बाथरूम, सहा माणसं: निघायच्या वेळेवरून नंबर लावा

आंघोळीचे नंबर कोण आधी उठलं यावर नको, घर कधी सोडायचं यावर ठरवा. निघायच्या वेळेतून पाऊण तास वजा करा. शाळेची रिक्षा पावणेसातला येत असेल, तर धाकट्याची आंघोळ सहाला. साडेसातला कॉलेजला निघणाऱ्या ताईची पावणेसातला. ऑफिसवाल्या आई-बाबांची आठ आणि आठ वीसच्या पुढे. आजी-आजोबा साडेपाचच्या आत किंवा नऊनंतर, मधे अजिबात नको.

दोघांमध्ये वीस मिनिटं सोडाच. पंधरा लिटरचा गीझर एका आंघोळीत जवळजवळ रिकामा होतो आणि पुन्हा तापायला साधारण तेवढाच वेळ घेतो. मागचा माणूस दार वाजवत बसतो, तो बहुतेकदा यामुळेच. दात घासणं नि केस विंचरणं मात्र बाहेरच्या बेसिनवर. आरसा आणि कंगवाही तिथेच ठेवा.

न्याहारी दोन पाळ्यांत करा. लवकर जाणाऱ्यांना कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही, म्हणजे गॅस पेटवावाच लागत नाही. पोहे एकदाच, आठला.

नळाला पाणी येण्याच्या दिवशी पिंप भरणारा माणूस आदल्या रात्रीच ठरवा. तो शक्यतो ऑफिसवाला नसावा.