जीएसटी नोंदणीसाठी राहिलेले कागद ग्राहकाकडून कसे मागवावेत

नवा ग्राहक आला की पहिल्या आठवड्यात अर्धे कागद येतात आणि उरलेल्या अर्ध्यांसाठी फोनाफोनी सुरू होते. कर सल्लागाराच्या ऑफिसात हे रोजचंच. "साहेब, सगळं पाठवलंय की," असं ग्राहक म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. आपण "दुकानाचा पुरावा पाठवा" म्हटलेलं असतं आणि त्याने दुकानाच्या पाटीचा फोटो पाठवलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात भाड्याच्या गाळ्यात इलेक्ट्रिकल सामान विकणारा एक दुकानदार आहे. धंदा त्याच्या एकट्याच्या नावावर आहे आणि विक्री फक्त महाराष्ट्रात. त्याची उलाढाल ४ नोव्हेंबरला ४० लाखांच्या वर गेली. पॅन, आधार आणि फोटो आले आहेत. भाडेकरार, गाळामालकाचा पुरावा आणि बँकेचा कागद राहिलाय. आज १८ नोव्हेंबर आहे.

आधी आलेले कागद उघडून पाहा

यादी करण्याआधी आलेली प्रत्येक फाइल उघडा. पॅनवरचं नाव आणि आधारवरचं नाव शेजारी ठेवून वाचा. एकावर वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर असेल, तर आधार पडताळणीत अडकण्याची शक्यता असते; ते आजच कळलेलं बरं. आधारला कुठला मोबाइल जोडलाय आणि तो सध्या चालू आहे का, हेही याच वेळी विचारून घ्या. जुनं सिम बंद पडलेलं असेल तर ओटीपी येणार कुठे?

मुदत उलटी मोजा

नोंदणी बंधनकारक झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. म्हणजे या दुकानदाराची शेवटची तारीख ४ डिसेंबर. तोवर अर्ज गेला तर नोंदणी ४ नोव्हेंबरपासूनच लागू होते आणि त्याआधीच्या दिवशी दुकानात असलेल्या मालावर भरलेल्या कराची वजावट मागता येते. उशीर झाला तर नोंदणी मंजुरीच्या तारखेपासून धरतात, जुन्या मालावरची ही वजावट जाते आणि कराची जबाबदारी मात्र ४ नोव्हेंबरपासूनच राहते. ग्राहकाला कलम सांगू नका, हे सांगा.

पण ४ डिसेंबर ही तारीख त्याला द्यायची नाही. ती आपली. एखादा कागद चुकीचा येणार हे धरूनच चाला. तो परत मागवायला दोन दिवस, मध्ये एक रविवार, शिवाय फॉर्म भरायला आणि तपासायला वेळ हवा. म्हणून ग्राहकाला मंगळवार, २५ नोव्हेंबर, संध्याकाळी सहा ही वेळ द्या. वार आणि वेळ दोन्ही लिहा. "आठवड्याभरात" म्हटलं की तो आठवडा कधीच संपत नाही.

इथे नवखे लोक एक चूक करतात. काम सुरू केल्याचं दाखवायला फॉर्मचा भाग अ भरून तात्पुरता क्रमांक, म्हणजे टीआरएन, काढून ठेवतात. तो १५ दिवसच चालतो. तेवढ्यात भाग ब भरून अर्ज गेला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. कागद हातात आले की मगच तो काढा.

प्रत्येक कागद एका ओळीत, ओळखीच्या खुणेसह

ग्राहकाला ओळ वाचून आपल्याकडचा कागद बरोबर आहे का, हे स्वतःच ठरवता आलं पाहिजे. सगळ्यात जास्त घोळ गाळामालकाच्या पुराव्यात होतो. भाडेकरार मुलाच्या नावाने आणि वीजबिल अजून दिवंगत वडिलांच्या नावाने, हे जुन्या पेठांतच नव्हे, सगळीकडे दिसतं. असं बिल जोडलं की खुलाशाची नोटीस येते आणि ७ कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं. म्हणून "वीजबिल पाठवा" असं लिहू नका. वीजबिल किंवा मिळकतकराची पावती, यांपैकी ज्यावर करारातल्या मालकाचंच नाव आहे, ते मागा. दोन्ही लागत नाहीत. करार नोंदणीकृत असेल तर मालकाचं ओळखपत्रही लागत नाही. नोंदणी नसेल तर लागतं. मालकाकडे उगाच पॅन मागायला गेलं की तो बिथरतो आणि मग बिलही देत नाही.

फाइलचा प्रकार सांगताना त्याच्या हातात जे आहे तेवढंच सांगा. फोटो १०० केबीच्या आत जेपीजी लागतो, पण ते लहान करणं आपलं काम. त्याच्याकडून हवंय ते इतकंच: सगळी पानं, एकाच पीडीएफमध्ये, चारही कोपरे दिसतील अशी. आणि पासवर्ड नको. बँकेचं स्टेटमेंट ईमेलने येतं ते बहुतेकदा कुलूपबंद असतं आणि हे आपल्याला रात्री साडेदहाला कळतं.

नंतर चालेल ते वेगळं काढा

चालू खातं उघडायला गेलं तर बँक जीएसटीचं प्रमाणपत्र मागते, आणि ग्राहकाला वाटतं की खात्याशिवाय जीएसटी मिळणार नाही. या फेऱ्यात महिना जातो. प्रत्यक्षात खात्याचा तपशील नोंदणी मिळाल्यावर ३० दिवसांत किंवा पहिलं जीएसटीआर-१ भरण्याआधी, जे आधी येईल तोवर देता येतो. त्यामुळे कॅन्सल चेक वेगळ्या तारखेखाली लिहा, नाहीतर त्याच्यापायी बाकीचे कागदही थांबतात.

संदेश असा लिहा

> नमस्कार दादा,
> तुमचं पॅन, आधार आणि फोटो मिळाले, बरोबर आहेत. जीएसटी अर्जासाठी दोन कागद राहिलेत.
>
> १. गाळ्याचा भाडेकरार: नोंदणी झालेला, शेवटच्या सहीच्या पानापर्यंत सगळी पानं. एकच पीडीएफ.
> २. गाळामालकाचं अलीकडचं वीजबिल किंवा मिळकतकराची पावती, दोन्हींपैकी एक. करारात मालकाचं जे नाव आहे तेच त्यावर हवं. वेगळं नाव असेल तर पाठवण्याआधी मला फोन करा. पीडीएफ किंवा स्वच्छ फोटो.
>
> हे दोन्ही मंगळवार, २५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६ पर्यंत हवेत. ४ डिसेंबरच्या आत अर्ज गेला नाही तर दुकानातल्या जुन्या मालावरची कराची वजावट मिळणार नाही.
>
> कॅन्सल चेक आत्ता नको. नोंदणी झाली की मागेन.
> बुधवारी सकाळी ११ वाजता अर्ज भरायला बसू. तेव्हा ओटीपीसाठी फोन जवळ ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर फोटो म्हणून नको, "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, एवढी एक ओळ वाढवा. फोटो म्हणून पाठवलं की करारातली बारीक अक्षरं पुसट होतात.

मधली आठवण आणि मुदत टळली तर

शनिवारी, २२ तारखेला एक आठवण पुरे. त्यात अख्खी यादी परत चिकटवू नका. जे आलं ते काढून टाका आणि उरलेली ओळ मूळ क्रमांकासकट पाठवा: "क्र. १ मिळाला, क्र. २ बाकी." आलेली फाइल त्याच दिवशी उघडून पाहा. आमच्याकडे एकदा अकरा पानांच्या कराराची नऊच पानं आली होती आणि ते अर्ज भरायला बसल्यावर लक्षात आलं. गेली होती नेमकी सहीची पानं.

मंगळवारी सहापर्यंत काही आलं नाही तर संदेश नको, सरळ फोन करा आणि अडलंय कुठे ते विचारा. बहुतेकदा मालक गावाला गेलेला असतो. मिळकतकराची पावती महापालिकेच्या संकेतस्थळावरून निघते का, ते फोनवर असतानाच बघा. फोन ठेवल्यावर ठरलेली नवी तारीख त्याच संदेशाखाली लिहून पाठवा: "क्र. २, शुक्रवार, २८ नोव्हेंबर, दुपारी १."