मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकाच आली. आता सारांश कसा लिहायचा?

समजा, कॅगच्या दीडशे पानी लेखापरीक्षा अहवालाचा सारांश संध्याकाळपर्यंत हवाय आणि मेलमधल्या पीडीएफला पानं फक्त सहा आहेत. फाइल अर्धवट उतरली नाही ना, मेलला जोडलेली दुसरी फाइल राहिली नाही ना, हे पाहून घ्या.

मुखपृष्ठावरून अहवालाचा क्रमांक, वर्ष आणि विषय टिपा. ‘31 मार्च 2022 रोजी संपलेले वर्ष’ हा तपासणीचा काळ असतो. अहवाल क्रमांकापुढचं वर्ष वेगळं असू शकतं, त्यामुळे दोन्ही लिहा. अहवाल विधिमंडळात मांडला गेला असेल तर एवढ्या तपशिलावरून तो cag.gov.in वर सापडतो. मात्र एकाच वर्षाचे अनेक अहवाल असतात. क्रमांक जुळल्याशिवाय उतरवू नका.

खरी गोम अनुक्रमणिकेत आहे. कॅगची शीर्षकं बोलकी असतात आणि तीच घात करतात. समजा नोंद अशी आहे: ‘3.2 कालव्याच्या कामावरील निष्फळ खर्च, पृ. 41’ आणि 3.3 सुरू होतो पृ. 46 वर. यावरून एवढंच लिहिता येतं: ‘परिच्छेद 3.2 मध्ये कालव्यावरचा खर्च निष्फळ ठरल्याचा आक्षेप आहे; त्याला सुमारे पाच पानं दिली आहेत.’ किती कोटी, कोणता कालवा, चूक कंत्राटदाराची की भूसंपादनाची, हे शीर्षक सांगत नाही. विभागाने आक्षेप मान्य केला का, हेही कळत नाही. ‘विभागाने कोट्यवधी वाया घालवले’ हे वाक्य तुमचं, अहवालाचं नव्हे. आणि जुन्या बातमीतला आकडा इथे चिकटवणं तर सरळ खोटेपणा. तो बहुधा आधीच्या वर्षाच्या अहवालातला निघतो.

‘पूर्ण अहवाल पाठवा’ एवढंच कळवलं तर तीच सहा पानं पुन्हा येण्याची शक्यता मोठी. नेमकं मागा:

‘तुमच्या फाइलमध्ये मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकाच आहे. आधी कार्यकारी सारांश पाठवा (रोमन आकड्यांची पानं). मग परिच्छेद 3.2 पूर्ण, छापील पृ. 41 ते 46, आणि त्यात उल्लेख असलेलं परिशिष्ट. सारांश कोण वाचणार आहे, तेही कळवा.’

‘छापील’ हा शब्द गाळू नका. सुरुवातीच्या रोमन पानांमुळे छापील 41 हे पीडीएफमध्ये पंचावन्नावंही असू शकतं. पृ. 46 मुद्दाम मागायचं, कारण विभागाचं उत्तर आणि त्यावर लेखापरीक्षकांचं म्हणणं बहुतेक वेळा परिच्छेदाच्या शेवटी येतं आणि ते पुढच्या पानावर सांडतं. ते सुटलं की सारांश एकतर्फी होतो.

संध्याकाळपर्यंत काहीच आलं नाही तर हाती आहे तेवढ्यावर अर्ध्या पानाचं टिपण द्या. मथळा ‘अहवालात काय तपासले आहे’ असा ठेवा, ‘सारांश’ नको. पहिल्याच ओळीत लिहा: ‘फक्त अनुक्रमणिकेवरून, निष्कर्ष पाहिलेले नाहीत.’ ही ओळ तळटीपेत ढकलू नका, टिपण पुढे पाठवताना तळटीपच आधी गळते.